दीड सेकंदातली बैलगाडी

रात्रभर भिंतींनी ऊन सोडलंच नव्हतं. एप्रिल अर्धा सरला की धुळ्यात पहाट नावाचा प्रकार उरत नाही. रात्र संपते आणि थेट ऊन सुरू होतं. त्यात आज नळाचा दिवस. हेमलता भामरे उजाडायच्या आधीच उठली, मोटर लावली, पाइप ओढत दोन्ही पिंपं भरली, मग हंडे, मग बादल्या, मग घरात होती नव्हती ती पातेली. शेजारच्या सोनवणेबाई कुंपणावरून म्हणाल्या, "हेमाताई, वाट्या ऱ्हायल्या."

"त्या तुमच्याकडे पाठवते भरायला."

"पाठवा. आमच्याकडं तर निस्ती हवा येतेय."

पाणी गेलं तशी तिनं पदराला हात पुसले, चहा ठेवला आणि मागच्या खोलीत येऊन लॅपटॉप उघडला. कूलर लावला नाही. आज तिला आवाज ऐकायचा होता, आणि कूलर लागला की आपल्याच घरातली हाक ऐकू येत नाही.

एरवी तिला आवाज लागत नसे. हेमलताचं काम मराठी सबटायटलांचं इंग्रजी करण्याचं. चित्रपट असो, माहितीपट असो, तिच्याकडे येई तेव्हा पडद्याखालच्या मराठी ओळी आधीच लागलेल्या असत. कुठली ओळ कधी उगवायची, कधी मावळायची, ते ठरलेलं. तिनं फक्त मराठीच्या खालच्या चौकोनात इंग्रजी भरायची. पहिली फेरी ती आवाज बंद ठेवूनच मारी, कारण वाचणाऱ्यालाही नुसती ओळच दिसणार असते. दुसरी फेरी मात्र आवाज लावून. ही शिस्त तिची तिनेच लावून घेतलेली.

मुलींच्या शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर शाळेच्या तुकड्या कमी झाल्या, आणि हेमलता घरी बसली. एका जुन्या विद्यार्थिनीनं पुण्याच्या एका संस्थेशी गाठ घालून दिली. सुरुवातीला ती निबंध लिहिल्यासारखी पल्लेदार वाक्यं लिही आणि सगळी पाटी लाल होई. कारण नियम असे: एका वेळी फार तर दोन ओळी. एका ओळीत बेचाळीस अक्षरं, त्यात मधल्या मोकळ्या जागा आणि स्वल्पविरामही धरायचे. आणि सेकंदाला सतरा अक्षरांपेक्षा जास्त नाही. त्याच्यावर गेलं की चौकोन लाल. मराठी भाषा ही बाई आटोपशीर. मात्रा, वेलांटी, रफार, सगळं एका अक्षराच्या खांद्यावर घेऊन बसते. इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर स्वतःची खुर्ची मागतं. मग काटछाट आली. ओळ मोडायची तीही अर्थाच्या सांध्यावर. विशेषण वर आणि नाम खाली असं लटकत ठेवायचं नाही. माणसाचा डोळा खाली जाऊन ओळ वाचून परत वर, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर यायला हवा. नुसतंच वाचत बसला तर चित्र कशाला काढलं?

तिचा नवरा विश्राम एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन. तो म्हणे, "दुसऱ्याचं बोलणं आखूड करायचे पैसे मिळतात हिला. घरात मात्र हिशेब उलटा."

"घरात सेकंदाला सतरा ठेवले तर तुम्हाला दोन वेळचं जेवायलाही बोलावता यायचं नाही," असं ती म्हणे.

या खेपेचा माहितीपट खानदेशातल्या सुईणींवर होता. निनाद नावाच्या नाशिकच्या पोरानं दोन वर्षं गावोगाव हिंडून काढलेला. बाया बोलत होत्या अहिराणी, म्हणून खाली मराठी. आता परदेशातल्या एका महोत्सवात तो जायचा होता, म्हणून मराठीखाली इंग्रजी. पहिल्या फेरीतच हेमलताला एक चेहरा दिसला आणि ती हसली होती. नांदवणची झेलाबाई. हेमलताच्या माहेरच्या गल्लीतली, गावनात्यानं बापाची बहीण, म्हणून सगळी पोरं तिला फुई म्हणायची. हेमलता स्वतः झेलाफुईच्या हातावर जन्मलेली.

आज दुसरी फेरी. चहा घेत ती ऐकत होती, एखादा शब्द बदलत होती. चित्रात झेलाफुई आणि काशिनाथआप्पा एका ओट्यावर बसलेले. आप्पा नांदवणचे जुने पाटील, बडं घराणं. त्यांची भावजय शेवंता बाळंतपणात गेली त्याची गोष्ट चालली होती. आप्पा सांगत होते, पण कॅमेरा होता झेलाफुईच्या तोंडावर. आप्पांचा आवाज बाजूनं आला आणि खाली मराठी ओळ उगवली: ती हिच्याच हातात गेली. त्याच क्षणी फुईचे ओठ हलले. पहिल्या फेरीत हेमलतानं ते हलणं पाहिलं होतं. म्हातारी माणसं पुटपुटतात, तसं असेल म्हणून सोडून दिलं होतं. आता आवाज होता. आप्पांच्या आवाजाखालून, दबून, पण स्वच्छ:

"मी म्हनं गाडी जुपा. कोनी जुपीच नही."

तिनं थांबवलं. मागे नेलं. परत लावलं. चहाचा कप खाली ठेवला आणि कानात इअरफोनची बटणं घालून परत ऐकलं. शंकाच नव्हती.

दोघं एकदम बोलले होते. मराठी ओळी लावणाऱ्यानं, धुळ्यातल्याच कुणा प्राध्यापकानं, त्यातलं मोठ्या आवाजाचं घेतलं आणि दबलेलं सोडलं होतं. असं सगळेच करतात. कान दोन माणसांचं एकदम ऐकू शकतो. डोळा एका वेळी एकाचंच वाचतो. दोघं बोलले की कथेला ज्याची गरज ते ठेवायचं. हेमलतानं स्वतः किती वेळा तेच केलेलं. भाजीवाल्याची हाक सोडली, मागे रडणारं पोर सोडलं, शेजारणीचा "काय गं बाई" सोडला.

पण इथं पडद्यावर होतं झेलाफुईचं तोंड, हलणारे ओठ तिचे, आणि खाली हेमलतानंच भरलेली ओळ:

She died in her hands.

अहिराणी न कळणाऱ्या माणसानं हे पाहिलं तर त्याला काय वाटेल? ही म्हातारी काहीतरी कबूल करतेय असंच वाटेल. आणि हेमलताला नांदवण आठवलं. ती सातेक वर्षांची असेल. शेवंताचं झालं, आणि त्यानंतर झेलाफुईला कुणी रात्री उठवायला जाईनासं झालं. हेमलताच्या आईनंसुद्धा धाकट्याच्या वेळी शिरूडची सुईण बोलावली. आई एकदाच म्हणाली होती, "तिचा हात उतरला." सगळ्या गावाचं हेच. पंचेचाळीस वर्षं गावानं आप्पांची ओळ वाचली होती.

तिनं बाही सावरली आणि कामाला लागली.

ओळ पडद्यावर राहायची दीड सेकंद. सतरानं गुणलं तर पंचवीस अक्षरं. दोघांचं घालायचं तर दोन ओळी, प्रत्येकीच्या आधी आडवी रेघ, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की बोलणारे दोन आहेत. फुईचं निम्मंच घेऊन तिनं ते केलं. शेहेचाळीस अक्षरं. चौकोन लालभडक. दीड सेकंदात शेहेचाळीस वाचायची तर माणूस वर बघणारच नाही, आणि वाचूनही होणार नाही. दुसरी ओळ अर्धी असतानाच पुसली जाईल. अर्धी म्हणजे फुईचीच.

मग वेळ वाढवून पाहावी. ओळ थोडी लांबवली तर? पण पाठोपाठ निवेदकाचं वाक्य चिकटून उभं, मधे पापणी लवण्याइतकीच फट. अलीकडं आप्पांचं आधीचं वाक्य. दोन्हीकडून भिंती. शिवाय वेळेच्या रकान्यावर कुलूपच होतं. ते पुण्याहून लागून आलेलं.

मग आप्पांचं काढून नुसतं फुईचं. अख्खं वाक्य चौतीस अक्षरांवर गेलं. लाल. "कोणी जुपलीच नाही" सोडलं:

I said, yoke the cart.

बावीस. हिरवं. पण पुढं काय झालं तेच गेलं. गाडी जुंपली की नाही? तिनं दुसरं लिहिलं:

They'd send no cart.

वीस. हिरवं, सुबक, डोळ्याला हलकं. पण फुईनं सांगितलं होतं, हुकूम सोडला होता, तेच यात नाही. तिनं दोन्ही एकाखाली एक लिहून ठेवली आणि बघत बसली.

विश्राम डबा शोधत आत आला. "काय झालं? तोंड असं का?"

तिनं ऐकवलं. तो उभ्या उभ्या ऐकून म्हणाला, "आप्पा बोलतायत आणि म्हातारी मधे बोलतेय."

"काय बोलतेय?"

"गाडी जुपा म्हणतेय." त्यानं पडद्यावरची ओळ वाचली. "आयला. लिहिलं नाही कुणी?"

"नाही."

"मग तू लिही. त्यात काय."

"मावत नाही हो."

विश्रामनं लॅपटॉपकडे असं पाहिलं, जसं बिघडलेल्या हेडलाइटकडे पाहत असेल. मग डबा उचलून गेला.

न ऐकलेलं लिहायचं नाही आणि अर्धवट ऐकलेलंही नाही, हा हेमलताचा आणखी एक नियम. दुपारी ऊन असलं तरी ती नांदवणच्या गाडीत बसली.

झेलाफुई ओसरीवर चिंचा फोडत होती. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला, हात आपोआप चाललेले. पंच्याऐंशीच्या पुढची, पण बोटं अजून लांब, सरळ.

"कोन शे?"

"मी, फुई. हेमा. बापू मास्तरची."

"हेमा व्हय. बठ. इतला उनमा कशाले उनी?"

माठातलं पाणी पिऊन झाल्यावर हेमलतानं मोबाइल काढला, तेवढाच तुकडा लावला, आणि एक बटण म्हातारीच्या कानात बसवलं. फुईनं आधी स्वतःचा चेहरा पाहिला.

"हाई मीच का? माय वं. कितली म्हतारी दिसस."

"चांगल्या दिसता. इथं ऐका. आप्पा बोलताहेत तेव्हा तुम्ही काय म्हटलं?"

फुईला दुसऱ्यांदा ऐकायची गरज पडली नाही. "म्हनं ना, गाडी जुपा. कोनी जुपीच नही." मग चिंच खाली ठेवली. "तुले आयकू उनं?"

"आलं."

म्हातारी जराशी पुढं सरकली. कुणीतरी फार दिवसांनी दार वाजवल्यासारखी तिची मान वर झाली होती. मग तिनं सगळं सांगितलं, घाई न करता. शेवंताला दुपारीच कळा लागल्या. फुईनं पोटावरून हात फिरवला तर डोकं एका कुशीला. पोर आडवं. "मना हातले कयनं," ती म्हणाली, आणि ज्याला कळलं तो हात हेमलतापुढं धरला. आडवं पोर सुईणीच्या हातानं होत नाही, दवाखान्यात न्यायचं. तिनं अंगणात येऊन सांगितलं, गाडी जुपा. आप्पा म्हणाले, बैल दिवसभर पेरणीला होते, दमलेत, तू हाय की. तिनं पुन्हा सांगितलं. मग सांज झाली. मग शेवंता गेली, पोरही गेलं, आणि सकाळी गावात एकच वाक्य फिरलं.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"सांगं ना. आख्खं आयुष्य सांगं. कोन आयके? पाटीलना घरनं बोलनं मोठं, सुईणनं धाकलं." ती पुन्हा चिंच उचलून म्हणाली, "तो पोऱ्या उना, डोयासमोर ते यंत्र लायं, मी म्हनं चला, आते तरी. तठे बी आप्पाच मोठा बोलना."

सून आतून चहा घेऊन आली. ती म्हणाली, "आत्याबाई ते पिच्चर कधी लागंल म्हणून मला रोज विचारत्यात. फॉरेनला लागणार म्हटल्यावर तर झोप नाही त्यांना."

"मंग आते हाई इंग्रजीमा येई का?" फुईनं विचारलं.

"बघते, फुई."

"बघू नको. लिख."

सून हसली. हेमलतानंही हसून चहा घेतला. परतीच्या गाडीत खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता इतका तो तापला होता, आणि ती मनात अक्षरं मोजत होती.

घरी येऊन तिनं दोन्हींतली पहिली घेतली. फुईचे शब्द तेच, "गाडी जुपा" तेच. आप्पांची ओळ काढली, तिथं फुईची बसवली, बाजूला टीप लिहिली की इथे दोघे एकदम बोलतात, चित्र झेलाबाईवर आहे, म्हणून तिचं घेतलं. फाइल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून शाल्मलीचा फोन आला. संस्थेत कामाची तपासणी ती करायची. पोरगी गुणी, कामात चोख, हेमलताला ताई म्हणणारी.

"हेमाताई, बाकी फाइल लोण्यासारखी आहे. फक्त एकशे बारा नंबर. मराठीत एक आणि तुम्ही भलतंच दिलंय."

"टीप वाचली का?"

"वाचली. पण ताई, मला अहिराणी येत नाही. मी मराठीशीच ताडून बघणार ना. मराठीत जे नाही ते इंग्रजीत कसं येईल?"

"ती म्हातारी बोलतेय. ऐक तू."

"मी ऐकलं. काहीतरी बोलतायत एवढं कळलं." शाल्मलीनं तिकडे तो तुकडा पुन्हा लावला. "दोघांचं घ्या की. रेघ देऊन."

"शेहेचाळीस अक्षरं होतात. दीड सेकंदात."

"अगं बाई."

"तू वेळेचं कुलूप काढ. पुढच्या निवेदनातला सव्वा सेकंद मला दे. निवेदक तिथं श्वासच घेतोय, ओळ उशिरा आली तरी चालेल."

"ताई, ते माझ्या हातात असतं तर आत्ता दिलं असतं. पण याच वेळांवर फ्रेंचवाले आणि स्पॅनिशवाले बसलेत. तुमच्या पहिल्या फेरीच्या इंग्रजीवरून त्यांचं चाललंय. एक वेळ हलवली की तिघांकडं हलवायची, आणि त्यांचं अर्धं काम पोचलंय सुद्धा. निनादनं मराठी बदलली आणि लेखी कळवलं, तरच वरून कुलूप निघेल. तुम्ही त्याच्याशी बोला ना. चांगला आहे तो."

फोन ठेवून हेमलतानं निनादचा नंबर काढला. तिच्या इंग्रजीत जे नसेल ते आणखी दोन भाषांत नसणार होतं, आणि त्या लोकांनी कधी नांदवणची धूळसुद्धा पाहिली नव्हती.

निनाद चांगला होताच. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. तिनं नांदवणला जाऊन आल्याचंही सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही एवढ्या उन्हात गेलात, ताई?"

"जवळच आहे. निनाद, तू तिथं होतास. तुला ऐकू आलं नव्हतं?"

"तेव्हा नाही आलं. नंतर, एडिट करताना, सर बसले होते मराठी ओळी लावायला, ते म्हणाले, ही काहीतरी गाडीचं म्हणतेय. आम्ही बोललो त्यावर."

"मग?"

"मग आप्पांच्या घरात आम्ही तीन आठवडे राहिलोय, ताई. जेवलोय. त्यांनी सही करून परवानगी दिलीय. त्यांचा नातू वकील आहे, त्यानं प्रत्येक मराठी ओळ वाचून पाहिली. झेलाआजी बोलतात ते आवाजात आहे. ते मी काढलं नाही. मला काढता आलं असतं, तरी ठेवलं. ज्याला कळतं त्याला कळेल. पण तेच खाली लिहिलं की ते आजीचं राहत नाही, माझं होतं. मी म्हणतोय असं होतं. माझ्याकडं पुरावा काय?"

"मग आप्पांचं लिहिलंयस ते कुणाचं होतं?"

पलीकडे निनादनं दार लावून घेतलं. फोनमधून पंख्याचा आवाज येत होता.

"आप्पांचंही काढ," हेमलता म्हणाली. "दोघांचंही नको. तिथं कोरं ठेव."

"मी ते विचारलं होतं, ताई. खरंच. तोंड हलतंय, आवाज येतोय आणि खाली काही नाही, तर महोत्सववाले ओळ राहिली म्हणून फाइल परत पाठवतात. तेव्हा त्यांना कारण द्यावं लागतं. कारण काय देऊ?" त्याचा आवाज बारीक झाला. "मला माफ करा. हा सिनेमा त्यांच्याच सारख्या बायांसाठी काढलाय मी. हे एक दृश्य गेलं तर कायद्याच्या भानगडीत सगळाच जाईल. बाकीच्या अकरा जणी आहेत त्यात."

हेमलताला भांडायचं होतं. शाळेत तिनं मुख्याध्यापकांशी भांडून मुलींना मैदान मिळवून दिलं होतं. पण भांडायला समोर कुणी लबाड माणूस हवा. इथं जो तो आपल्या जागी खरा होता, नियम चांगल्यासाठीच केलेले होते. सेकंदाला सतरा अक्षरं हा नियम तिनं स्वतः किती नव्या पोरींना शिकवला होता, आणि वाचणाऱ्याला दमवू नका म्हणून बजावलं होतं.

संध्याकाळी फाइल परत आली. एकशे बाराव्या जागी आप्पा पुन्हा आपल्या ओट्यावर बसलेले. शाल्मलीनं शेजारी लिहिलं होतं, "सॉरी ताई." खाली "मान्य" म्हणून बटण. ते दाबल्याशिवाय बाकी सातशे ओळीही पुढं जात नव्हत्या, आणि त्या सातशेंत बारा बायांचं बोलणं होतं, त्यांतलं निम्मं झेलाफुईचंच: बाळाची नाळ कशी बांधायची, बाळंतिणीला पहिला घास कसला द्यायचा. हेमलतानं एकेक करून सगळ्यांवरून नजर फिरवली. हिरव्या, नीट मोडलेल्या, कुठं बेचाळीसच्या वर नाही. मग तिनं बटण दाबलं.

विश्रामनं जेवताना विचारलं, "बसलं का म्हातारीचं?"

"नाही."

त्यानं ताकाची वाटी तिच्याकडं सरकवली.

चार-सहा दिवसांनी सकाळीच फोन वाजला. नांदवणचा नंबर, सुनेचा. "आत्याबाईंना बोलायचंय. मला बसू देईनात."

मग फोन हातात उलटासुलटा झाल्याचा आवाज, आणि फुई: "हेमा. लिखं का?"

हेमलतानं काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. खोटं सांगणं सोपं होतं. म्हातारी इंग्रजी वाचणार नव्हती, गावात कुणी वाचून दाखवणार नव्हतं. पण तिच्यानं झालं नाही.

"नही बसनं, फुई. जागा नव्हती."

"जागा?"

"आप्पा आणि तुम्ही एकदम बोललात. दीड सेकंद. तेवढ्या वेळात माणसाला दोघांचं वाचून होत नाही. म्हणून एकाचंच ठेवावं लागतं." हे सांगताना तिचं तिलाच असं वाटलं की आपण दमलेल्या बैलांचं सांगतोय.

मागं कुणीतरी बादली ओढत होतं.

"मी तितलामाच बोलनू ना," फुई म्हणाली.

"हो."

"मंग?"

हेमलताला उत्तर येत होतं. कान आणि डोळा, एक आणि दोन, सगळं येत होतं. तिनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"बरं," फुई म्हणाली. "तुनी लेक कशी शे? पुण्याले शे ना?"

"बरी आहे. पुढच्या महिन्यात येणारे."

"मनाकडे लई ये तिले." आणि मग सुनेला उद्देशून, "घे वं. कसं बंद करतस ते माले नही येत."

फोन बंद झाला. लॅपटॉपवर नवीन फाइल येऊन पडलेली, कुठल्या तरी कॉलेजच्या पोरांची विनोदी मालिका. पहिलीच मराठी ओळ लांबलचक, चौकोन आल्या आल्या लाल. हेमलतानं ती उघडून पाहिली आणि मिटली. दळण संपलं होतं. तिनं डबा काढला, कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी घेतली, वरून उडीद घातले, हातानं कालवून मिठाचे खडे टाकले, आणि डोक्यावर पदर ओढून चक्कीवर निघाली. चक्कीवाला पट्टा चढवत होता.

"कळणा ना, ताई? जाड काढू का बारीक?"

"नेहमीसारखा," ती म्हणाली, आणि डबा त्याच्याकडं देऊन सावलीत उभी राहिली.